गॅलरीतले ठिबक: झडप उघडण्याआधी आणि बंद झाल्यावर

गॅलरीतल्या कुंड्यांसाठी बसवलेल्या ठिबकात मोजके भाग असतात. नळाला लावलेला टाइमर, त्यापुढे एक छोटी जाळीची गाळणी, मग काळी नळी आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीत गेलेले ड्रिपर. टाइमर ठरल्या वेळी झडप उघडतो आणि बंद करतो. ड्रिपर पाण्याचा वेग इतका कमी करतो की ते थेंबाथेंबाने पडते. जोडणी एका दुपारीत होते. ती महिनोन्‌महिने सगळ्या कुंड्यांना सारखे पाणी देईल की नाही, हे मात्र नळापाशी किती दाब आहे, कुंडीला खरोखर किती पाणी लागते आणि झडप बंद झाल्यावर नळीत उरलेल्या पाण्याचे काय होते, यावर ठरते. तिसऱ्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष नसते, आणि ड्रिपर तुंबण्याचे एक मोठे कारण तिथेच दडलेले असते.

समजण्यासाठी एक नेमके उदाहरण घेतलेले बरे. पुण्यातली सात मजली इमारत, चौथ्या मजल्यावरची पश्चिमेकडे तोंड असलेली गॅलरी, लांबी साधारण ६ मीटर. तिच्यात १२ कुंड्या आहेत. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू आणि अनंत यांच्या पाच मोठ्या, म्हणजे १२ इंची. तुळस, मिरची, पुदिना आणि ओव्याच्या चार लहान, म्हणजे ८ इंची. आणि कठड्याला टांगलेले तीन लांबट ट्रे, त्यांत झेंडू, पालक आणि कोथिंबीर. महिना एप्रिलचा. दुपारी एकनंतर ऊन आत येते ते सूर्य मावळेपर्यंत हटत नाही.

सुरुवात दाबापासून करावी लागते, कारण टाइमर आणि ड्रिपर कोणते घ्यायचे हे त्यावर अवलंबून असते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब टाकी नळापेक्षा किती उंच आहे त्यावरून निघतो. १० मीटर उंचीला जवळपास १ बार. उदाहरणातल्या चौथ्या मजल्याच्या जमिनीपासून गच्चीपर्यंत चार मजले, म्हणजे सुमारे १२ मीटर. त्यात टाकीच्या चौथऱ्याची उंची मिळवली आणि नळाची जमिनीपासूनची उंची वजा केली, तर हिशेब १३ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे १.३ बार. ठिबकासाठी हा दाब उत्तम. त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर मात्र टाकी जेमतेम साडेचार मीटर वर असते आणि दाब अर्ध्या बारच्याही खाली जातो.

वरच्या मजल्यांवर पहिली फसगत टाइमरच्या बाबतीत होते. बाजारात दोन जातींचे टाइमर मिळतात. एका जातीत पाण्याच्याच दाबाने हलणारा रबरी पडदा असतो. त्याला उघडायला आणि घट्ट बंद व्हायला साधारण अर्ध्या बारचा तरी दाब लागतो. दाब कमी पडला तर झडप उघडतच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुरती बंद होत नाही. दुसऱ्या जातीत छोटी मोटर बॉल व्हॉल्व्ह फिरवते. तिला पाण्याच्या दाबाची गरज नसते, त्यामुळे ती बादलीभर उंचीवरच्या पिंपालाही चालते. वरच्या दोन-तीन मजल्यांवर दुसरी जातच घ्यावी. खोक्यावर किमान दाब शून्य लिहिलेला असतो, ती तिची खूण. खालच्या मजल्यांवर दोन्ही चालतात, पण उंच इमारतीत अगदी खाली दाब ३ बारच्या वर गेला तर नळ्या सांध्यांतून निसटू लागतात. तिथे टाइमरनंतर दाब कमी करणारा छोटा रेग्युलेटर लावावा.

जोडणीसाठी वॉशिंग मशीनचा नळ सर्वांत सोयीचा, कारण त्याच्या तोंडावर पाऊण इंची आटे असतात आणि बहुतेक टाइमर त्यावर थेट बसतात. गॅलरीतला साधा नळ अर्धा इंची असेल तर अॅडॉप्टर घालावा लागतो. नळ आणि टाइमर यांच्या मध्ये दोन तोंडांचा कॉक बसवला तर एक तोंड हाताने पाणी घालायला, धुण्यापुसण्याला मोकळे राहते. त्याच जागी एकाच दिशेने पाणी सोडणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्हही घालावा. इमारतीची टाकी रिकामी झाली आणि त्याच वेळी टाइमरची झडप उघडी असली, तर खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडताच नळीतले मातकट पाणी उलटे घरच्या पाइपात ओढले जाऊ शकते. हा व्हॉल्व्ह ते थांबवतो.

आता नळी. तयार किटमध्ये बहुधा सगळी जोडणी ४ मिलिमीटरच्या बारीक नळीतच केलेली असते. पाच-सहा कुंड्यांपुरते ते ठीक, त्यापुढे नाही. उदाहरणातल्या १२ कुंड्यांना मिळून तासाला सुमारे ५० लिटर पाणी लागणार आहे. एवढे पाणी आतून ३ मिलिमीटर पोकळ असलेल्या नळीतून ढकलायचे तर दर मीटरमागे २ मीटरहून जास्त उंचीचा दाब केवळ घर्षणात जातो. साहजिकच नळाजवळच्या कुंडीत पाणी भळाभळा येते आणि शेवटच्या कुंडीत ठिपकतसुद्धा नाही. लोक तो ड्रिपरचा दोष समजून ड्रिपर बदलत बसतात. शेतात वापरतात ती १६ मिलिमीटरची काळी लॅटरल मुख्य नळी म्हणून घातली तर हे घर्षण नगण्य होते. कृषी सेवा केंद्रात ती मिळते. गॅलरीभर ही जाड नळी आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीपर्यंत ४ मिलिमीटरची जेमतेम हातभर शाखा, अशी रचना असावी. नळीला पंचने भोक पाडून त्यात शाखेचा कनेक्टर दाबून बसवायचा. नळी कडक असेल तर तिचे टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरले की जोड सहज आत जातो. काडी पेटवून नळी मऊ करू नये. तिथे ती पातळ होते आणि पुढे उन्हात चिरते.

जाड नळी कुठून न्यायची हे नीट ठरवावे. ती कठड्यावरून वरच्या वर न नेता जमिनीलगत, भिंतीच्या कडेने न्यावी, म्हणजे सगळे ड्रिपर तिच्यापेक्षा उंच राहतात. कारण पुढे येईलच. रंग काळाच हवा. पारदर्शक किंवा दुधी नळी दिसायला सुबक असते, पण तिच्यातून उजेड आत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत आत शेवाळ धरते. नळीच्या शेवटी कायमची बंद टोपी न लावता काढता येणारी एंड कॅप लावावी, किंवा टोक दुमडून त्यावर आठाच्या आकाराची क्लिप चढवावी. गाळ बाहेर काढण्याचा तेवढाच एक मार्ग असतो.

ड्रिपर निवडण्याआधी कुंडीला किती पाणी लागते ते कळले पाहिजे. ते अंदाजाने सांगणाऱ्या तक्त्यांपेक्षा प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा अधिक खरे सांगतो. संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी घालावे, तळातून निथळून झाले की काट्याला टांगून वजन घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा घ्यावे. मध्ये पाणी घालू नये. वजन जेवढे कमी झाले तेवढे पाणी झाडाने आणि उन्हाने नेले, कारण १ किलो पाणी म्हणजे १ लिटर. मोगऱ्याची कुंडी पहिल्या संध्याकाळी १३.४ किलो आणि दुसऱ्या संध्याकाळी १२.५ किलो भरली, तर दिवसाची गरज ९०० मिलिलिटर. उदाहरणापुरते धरू की अशाच मापाने तुळशीची कुंडी ३०० आणि झेंडूचा ट्रे ६०० मिलिलिटर गमावतो.

या तीन आकड्यांतून रचना आपोआप सुचते. तासाला २ लिटर देणारा एक ड्रिपर ९ मिनिटांत ३०० मिलिलिटर देतो. म्हणून लहान कुंडीला एक, ट्रेला दोन आणि मोठ्या कुंडीला तीन ड्रिपर. एकूण २५ ड्रिपर, तासाला ५० लिटर, आणि ९ मिनिटांत साडेसात लिटर. कुंड्यांमधले प्रमाण ड्रिपरच्या संख्येने एकदाच पक्के होते. ऋतू बदलला की फक्त टाइमरची मिनिटे बदलायची. थंडीत सगळ्यांची गरज निम्म्यावर आली तर ९ मिनिटांची साडेचार होतात, ड्रिपरला हातही लावावा लागत नाही. डोके फिरवून थेंब कमी-जास्त करता येणारे ड्रिपर किटमध्ये सर्रास मिळतात. ते या कामाला वाईट. जरा फिरवले की मोठा फरक पडतो, दाब हलला की प्रवाह हलतो, आणि थोडेच उघडलेले असताना त्यांतली फट इतकी अरुंद असते की बारीकसा कणही तिथे अडकतो.

साध्या ड्रिपरमधून येणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दाब चौपट झाला तर पाणी दुप्पट. दाब सांभाळून घेणारे ड्रिपर वेगळे. त्यांच्यात एक सिलिकॉनची पातळ चकती असते. दाब वाढला की ती वाट आवळते, त्यामुळे साधारण अर्ध्या बारपासून पुढे पाणी सारखेच येते. उदाहरणातल्या १.३ बारला असे ड्रिपर छान काम करतात, आणि खालच्या कुंड्यांपेक्षा मीटरभर उंच असलेल्या कठड्यावरच्या ट्रेलाही तेवढेच पाणी मिळते. सातव्या मजल्यावरच्या ०.४५ बारला मात्र त्यांचा फायदा उरत नाही. तिथे साधे, तासाला ४ लिटरचे ड्रिपर घ्यावेत आणि त्यांतून प्रत्यक्षात पावणेतीन लिटरच्या आसपासच पाणी येईल हे धरून मिनिटे ठरवावीत.

जोडणी झाली की प्रत्येक ड्रिपरखाली कापलेली बाटली किंवा वाटी ठेवून टाइमर हाताने ६ मिनिटे चालू करावा. २ लिटरच्या ड्रिपरमधून ६ मिनिटांत २०० मिलिलिटर यायला हवे. २५ वाट्या मांडणे कंटाळवाणे आहे, पण पुढे कधी शंका आली तर तुलनेला हाच आकडा उपयोगी पडतो. म्हणून तो वहीत लिहून ठेवावा. पाणी कमी आलेल्या वाट्या सगळ्या नळीच्या शेवटाकडच्या असतील तर दोष दाबाचा किंवा नळीचा. त्या विखुरलेल्या असतील तर दोष त्या त्या ड्रिपरचा.

पाण्याचा हिशेब जुळला तरी ते कुंडीत थांबेलच असे नाही. गॅलरीतल्या ठिबकाची सर्वांत मोठी तक्रार खालच्या मजल्यावरून येते: वाळत घातलेल्या कपड्यांवर माती मिसळलेले पाणी टपकते. हे पाणी येते कुठून, ते नीट पाहावे. कुंडीतली माती एकदा कडक वाळली की ती आकसते आणि तिच्या नि कुंडीच्या भिंतीच्या मध्ये सुरीचे पाते जाईल एवढी फट पडते. कोकोपीट जास्त असेल तर ते सुकल्यावर पाणी चटकन शोषतही नाही. त्याच्या पृष्ठावर पाणी मण्यासारखे उभे राहते आणि मग कडेच्या फटीतून सरळ तळाला जाते. अशा कुंडीत लिटरभर पाणी सोडले तरी मुळांना घोटभरच मिळते आणि बाकीचे बशीत उतरते. माणूस बशी भरलेली पाहून मिनिटे कमी करतो आणि झाड आणखी वाळते.

त्यामुळे तळातून पाणी आले एवढ्यावरून पाणी जास्त झाले असा निष्कर्ष काढता येत नाही. झाऱ्याची किंवा उदबत्तीची काडी मातीत वीतभर खोल घालून बाहेर काढावी. पाणी वाहते आहे आणि काडीला ओली माती चिकटून येते, तर पाणी खरोखर जास्त आहे. पाणी वाहते आहे आणि काडी कोरडी, तर पाणी वाटेतूनच निसटते आहे. दुसऱ्या बाबतीत मिनिटे बदलून काहीच होत नाही. ती कुंडी उचलून टबभर पाण्यात अर्धा तास ठेवावी, बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढावी, निथळू द्यावी आणि कडेची फट बोटाने माती दाबून बुजवावी. ठिबक सुरू करण्याआधी सगळ्याच कुंड्या एकदा अशा चिंब करून घेतल्या तर पुढचे बरेच त्रास टळतात. सुकलेल्या मातीला पुन्हा ओले करण्याइतके पाणी ठिबक एका वेळी देत नाही.

ड्रिपरची जागाही यात महत्त्वाची. तो कुंडीच्या कडेला टेकवला की पाण्याला फटीचा रस्ता आयता मिळतो. खोडाच्या बुंध्याशी ठेवला तर बुंधा सतत ओला राहून कुजतो. खोड आणि कड यांच्या बरोबर मध्ये, मोठ्या कुंडीत तिन्ही बाजूंना एकेक, ही योग्य जागा. हलक्या, भुसभुशीत मिश्रणात पाणी पसरत नाही, खाली उतरते. म्हणून १२ इंची कुंडीत एकच मोठा ड्रिपर लावला तर मधला एक खांब तेवढा भिजतो आणि बाकीची माती कोरडी राहते. मोठ्या कुंडीला ६ लिटरचा एक ड्रिपर न लावता २ लिटरचे तीन लावायचे, ते याचसाठी.

उरलेला उपाय टाइमरमध्ये आहे. ९ मिनिटे सलग देण्याऐवजी पहाटे साडेपाचला ३, सहाला ३ आणि साडेसहाला ३ मिनिटे द्यावीत. पहिल्या ३ मिनिटांचे पाणी वरचा थर मऊ करते, अर्ध्या तासात ते मातीत मुरते, आणि पुढचे पाणी मुरलेल्या मातीतून सावकाश आडवे पसरत जाते. पाणी तेवढेच, पण बशीत उतरणारे कमी. यासाठी दिवसातून किमान तीन स्वतंत्र वेळा लावता येणारा टाइमर हवा. स्वस्त टाइमरमध्ये फक्त ‘दर इतक्या तासांनी इतकी मिनिटे’ अशी सोय असते. त्यात दर १२ तासांनी ४ किंवा ५ मिनिटे, पहाटे आणि संध्याकाळी, ही तडजोड चालते. दुपारची वेळ मात्र येऊ देऊ नये. उन्हात पडलेल्या काळ्या नळीत दर मीटरला सुमारे १५० मिलिलिटर पाणी असते, म्हणजे ६ मीटरमध्ये जवळपास लिटरभर, आणि एप्रिलच्या दुपारी ते हाताला चटका बसेल इतके तापते. सगळ्यात आधी तेच मुळांवर पडते.

बशीत अजिबात पाणी येऊ नये असाही आग्रह धरू नये. प्रत्येक पाण्यात थोडे क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मातीत राहतात. तळातून कधीच काही बाहेर पडले नाही तर काही महिन्यांत मातीवर पांढरी पापुद्री धरते आणि पानांच्या कडा करपू लागतात. म्हणून उदाहरणातल्या ९ मिनिटांची १० करून सुमारे दहावा हिस्सा पाणी जास्त दिलेले बरे. मोगऱ्याच्या कुंडीला मग लिटरभर मिळते आणि बशीत अर्धी-पाऊण वाटी पाणी उतरते. एवढेच अपेक्षित आहे. बशीत तांब्याभर साचत असेल तर वेळ अजून तोडावा किंवा माती तपासावी. बशीतले पाणी त्याच दिवशी काढून टाकावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि आपल्याकडच्या उष्णतेत त्याची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवून खालचे पाणी उताराने गॅलरीच्या जाळीकडे जाऊ दिले तर बशीच लागत नाही, पण आधी एक बादली ओतून उतार खरोखर जाळीकडेच आहे का ते पाहावे. कठड्याबाहेर टांगलेल्या ट्रेला मात्र ठिबक लावूच नये. त्याचे पाणी खालच्याच्या गॅलरीखेरीज कुठेही जाऊ शकत नाही. उदाहरणातले तिन्ही ट्रे म्हणूनच कठड्याच्या आतल्या बाजूला घ्यावे लागतात.

आता झडप बंद होते तेव्हाचे. नळीतला दाब जातो, पण पाणी आत असते, आणि ते उतार शोधते. मुख्य नळी उंचावरून नेलेली असेल तर तिच्यातले लिटरभर पाणी सर्वांत खालच्या कुंडीच्या ड्रिपरमधून हळूहळू गळत राहते. दिवसातून तीन वेळा टाइमर चालला तर त्या एका कुंडीला तीन लिटर जास्त. सगळ्या कुंड्या ठीक आणि कोपऱ्यातली तेवढी कायम चिखलात, याचा उलगडा इथे होतो. नळी जमिनीलगत असली की ती भरलेलीच राहते. रिकाम्या होतात त्या फक्त वरच्या बारीक शाखा, आणि त्यांत पाणी असते चमचाभर.

पण तेवढे पाणी खाली ओढले जाताना वरच्या ड्रिपरमधून तेवढीच हवा आत ओढली जाते. ड्रिपरचे तोंड मातीत रुतलेले असेल तर हवेबरोबर चिखल आत जातो. पहिल्या दिवशी कण, दुसऱ्या दिवशी आणखी कण, आणि तीन आठवड्यांत कठड्यावरच्या ट्रेचा ड्रिपर आतून, म्हणजे गाळणीच्या पलीकडून तुंबतो. गाळणी कितीही बारीक असली तरी हे थांबत नाही, कारण घाण नळाकडून येतच नसते. उपाय अगदी साधा आहे. ड्रिपर छोट्या खुंटीवर, मातीपासून बोटभर उंच राहील असा बसवायचा. पाऊस किंवा पाणी घालताना उडालेल्या मातीने तो पुन्हा गाडला जातो, म्हणून महिन्यातून एकदा नजर टाकायची. दाब गेला की आपोआप बंद होणारे, न गळणारे ड्रिपरही मिळतात. ते महाग असतात, पण कुंड्यांच्या उंचीत फार फरक असेल तर घ्यावेत.

ड्रिपर तुंबतो तो त्याच्या वाटेमुळे. १९६५ मध्ये इस्रायलच्या हात्झेरिम किबुत्झमध्ये नेटाफिम कंपनी सुरू झाली ती सिम्खा ब्लास यांच्या ड्रिपरवर. त्यातली कल्पना अशी की पाण्याला सुईच्या भोकातून काढण्याऐवजी लांब, वळणावळणाच्या वाटेने फिरवायचे. घर्षणाने वेग कमी होतो आणि वाट त्या मानाने रुंद ठेवता येते, म्हणून बारीक कण निघून जातात. आजही चांगल्या ड्रिपरच्या आत नागमोडी दातेरी वाट दिसते. म्हणून तुंबलेल्या ड्रिपरमध्ये सुई घालणे चूक. सुई वाटेच्या पहिल्या वळणापलीकडे जातच नाही, आणि दाब सांभाळणाऱ्या ड्रिपरमधली सिलिकॉनची चकती फाडते.

काय अडकले आहे हे ड्रिपर उघडल्यावर रंगावरून कळते, म्हणून उघडता येणारे ड्रिपर घ्यावेत. बोटांत चोळल्यावर खरखर लागली तर वाळू किंवा टाकीतला गाळ. तो गाळणीतून आलेला असतो, म्हणजे जाळी फाटली आहे किंवा नीट बसलेली नाही. ठिबकाला १२० मेशची जाळी लागते. टाइमरबरोबर येणारी चकती त्याहून जाड असते आणि पुरेशी नसते. इमारतीची टाकी धुतल्यावर, किंवा पाणीकपातीत टाकी तळाला जाऊन पुन्हा भरल्यावर, तळाचा गाळ एकदम खाली येतो. त्या दिवशी गाळणी काढून धुवावी आणि एंड कॅप उघडून नळीतून स्वच्छ पाणी येईपर्यंत ते बादलीत सोडावे. एरवी महिन्यातून एकदा पुरते.

हाताला बुळबुळीत, तपकिरी-हिरवट लागले तर ते शेवाळ आणि जिवाणूंचा थर. नळीत उजेड जातो आहे किंवा कोणी नळीतून द्रवरूप खत सोडले आहे, याची ती खूण. जीवामृत, शेणाची स्लरी, गूळ घातलेले कोणतेही पाणी ठिबकातून देऊ नये. ते तांब्याने घालावे. नळी कोमट पाण्याने आणि ड्रिपर जुन्या टूथब्रशने धुतले की हा थर निघतो.

पांढरे आणि टणक असेल तर ते क्षार. यावर थोडे थांबायला हवे, कारण शहरांत हाच प्रकार उन्हाळ्यात वाढतो. धरणाचे पाणी तुलनेने मऊ असते. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी जड असते, आणि मार्चनंतर सोसायटीत टँकर येऊ लागले की नळाला तेच येते. ते ड्रिपरमधून वाहत असताना फारसे काही करत नाही. झडप बंद झाल्यावर तोंडाशी एक थेंब लटकून राहतो, ऊन लागून सुकतो आणि चुन्याचा एक अदृश्य थर मागे ठेवतो. दिवसाला तीन थेंब, महिन्याला नव्वद थर. म्हणून क्षार नेहमी तोंडाशी आधी दिसतात आणि उन्हातल्या ड्रिपरवर सावलीतल्यापेक्षा जास्त धरतात. मातीवर सुकी पाने किंवा नारळाच्या शेंड्या पसरून ड्रिपरला त्यांची सावली मिळू दिली, तोंड मात्र मोकळे ठेवले, तर ही क्रिया मंदावते.

क्षार काढायला आम्ल लागते. शेतकरी त्यासाठी नळीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. घरी ते करू नये, गरजही नाही. ड्रिपर काढून, सुटे करून, वाटीभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात रात्रभर ठेवावेत. सुरुवातीला बारीक बुडबुडे येतात. चुना विरघळत असल्याची ती खूण. बुडबुडे थांबले की चोळून, वाहत्या पाण्यात धुऊन परत लावावेत. दहा-पंधरा ड्रिपर जास्तीचे आणून ठेवले तर काढलेल्यांच्या जागी लगेच धुतलेले लावता येतात आणि कुंड्या एक दिवसही उपाशी राहत नाहीत.

तुंबलेला ड्रिपर झाड सुकल्यावर ओळखणे म्हणजे उशीर झाला. एप्रिलमध्ये ८ इंची कुंडीतली मिरची दोन दिवसांत माना टाकते, आणि तिला एकच ड्रिपर असतो. मोठ्या कुंडीतल्या तीनपैकी एक बंद पडला तर झाड तग धरते, पण एका बाजूची माती कोरडी पडते. महिन्यातून एकदा पुन्हा वाट्या मांडून ६ मिनिटे मोजणे हाच भरवशाचा मार्ग. पहिल्या दिवशी २०० मिलिलिटर देणारा ड्रिपर १५० च्या खाली आला की तो काढून धुवावा. वेळ नसेल तर निदान लहान कुंड्यांचे चार ड्रिपर मोजावेत.

टाइमरला कुंडी ओली आहे की कोरडी ते कळत नाही, टाकी रिकामी आहे हेही कळत नाही. पावसाळ्यात गॅलरीच्या कडेचे ट्रे भिजून चिंब होतात आणि वरच्या स्लॅबखाली भिंतीशी ठेवलेला मोगरा जुलैतही कोरडाच राहतो. म्हणून पाऊस लागला की टाइमर सरसकट बंद न करता ट्रेच्या शाखांवर आधीच बसवलेले छोटे कॉक फिरवावेत आणि बाकीच्यांची मिनिटे कमी करावीत. बॅटरी संपत आल्यावर काही टाइमर झडप बंद करून थांबतात, काही उघड्या झडपेवरच मरतात. दुसऱ्या प्रकारात तासाला ५० लिटर या वेगाने रात्रभरात ४०० लिटर पाणी गॅलरीत उतरते. कमी प्रवाहाचे ड्रिपर घेण्याचा हाही एक फायदा, नाहीतर हा आकडा दुप्पट झाला असता. गावाला जायचे असेल तर नवी बॅटरी किमान आठवडाभर आधी घालावी आणि त्या आठवड्यात पाणी पूर्णपणे टाइमरवर सोडून मोगऱ्याचे वजन रोज त्याच वेळी घ्यावे. ते १३ किलोच्या आसपास टिकून राहिले तर मिनिटे बरोबर आहेत. रोज शंभर-दोनशे ग्रॅमने उतरत असेल तर एक मिनिट वाढवावे, आणि नळाचा कॉक पूर्ण उघडा आहे ना हे दाराला कुलूप लावण्याआधी पुन्हा एकदा पाहावे.